टॉयलेट क्लीनरच्या लेबलावर मराठी-हिंदी इशारे : सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

२ जून

काम हाती घेतलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक छोटा कारखाना टॉयलेट क्लीनर बनवतो. पाचशे मिलीची बाटली, एक लिटरची बाटली आणि पाच लिटरचा कॅन असा माल आहे. माल साधा: सुमारे दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड, घट्टपणासाठी एक रसायन, निळा रंग आणि वास. आपल्याकडच्या जड पाण्याने संडासाच्या भांड्यावर क्षाराचा पांढरा थर चढतो, तो यानेच सुटतो, त्यामुळे माल खपतो भरपूर. पुढचं लेबल तसंच ठेवायचं. मागच्या लेबलावरचे इशारे आजवर इंग्रजीत होते आणि खाली दोन ओळी मराठीत होत्या. मालक अण्णांना आता सगळे इशारे मराठीत आणि हिंदीत हवे आहेत. माल सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि सीमेपलीकडे विजापुरापर्यंत जातो.

असं काम करणाऱ्याला मराठीत कुठे काही लिहून ठेवलेलं सापडत नाही, म्हणून नोंदी ठेवतोय. मी डीटीपीवाला आहे, रसायनवाला नाही. रसायनाची बाजू कारखान्याचे केमिस्ट बघताहेत आणि विषबाधेच्या ओळी एका डॉक्टरांकडून तपासून घेणार आहे.

कायद्याचं आधी पाहून घेतलं. पॅकबंद मालाचे २०११ चे वैधमापन नियम सांगतात की वजन, किंमत, उत्पादकाचं नाव वगैरे सक्तीचा मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत हवा, त्याशिवाय इतर भाषा चालतात. म्हणजे तो मजकूर नुसत्या मराठीत टाकून भागत नाही. तो भाग इंग्रजीत आहे तसाच ठेवला. मराठी ही जोड आहे, बदली नाही, हे अण्णांना समजावून सांगितलं.

४ जून

जुन्या लेबलाची फाइल मिळाली. कोरलड्रॉमधली, कुठल्यातरी जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेली. माझ्या मशीनवर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. असा मजकूर कन्व्हर्टरमधून काढण्याचा मोह होतो, पण इशाऱ्याच्या बाबतीत तो टाळाच. कन्व्हर्टर एखादं जोडाक्षर किंवा काना गुपचूप बदलतो आणि बाकी सगळं बरोबर दिसत असल्याने नजर तिथे थांबत नाही. छापील बाटली समोर ठेवून सगळं नव्याने युनिकोडमध्ये टाइप केलं. अर्ध्या तासाचं काम आहे.

जुन्या दोन ओळींतली एक अशी होती: ‘मुलांच्या पोहोचपासून दूर ठेवा.’ ही मराठी नाही. हिंदी ‘पहुँच से दूर’वरून शब्दाला शब्द उचललेली आहे. बाजारात फिरून बघितलं तर दुसऱ्या मालावर जास्त करून ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ असं आहे. ते मराठी आहे, वाचायलाही सोपं आहे, म्हणून कच्च्या मसुद्यात तेच घेतलं.

५ जून

इंग्रजी मजकुराची एक्सेल शीट केली. अशा इशाऱ्यांना ठरलेले क्रमांक आहेत, P ने सुरू होणारे जगभर चालणारे आणि EUH वाले युरोपातले, तेच ओळींना दिले, म्हणजे पुढे ओळी इकडच्या तिकडे झाल्या तरी घोळ होत नाही. क्रमांकासमोर वाक्य लिहायच्या ऐवजी मी एक रकाना जास्तीचा ठेवला: ‘हे वाचून माणसाने काय करायचं?’ मराठी आणि हिंदी दोन्ही त्या रकान्यावरून लिहायचं ठरवलं. मराठीवरून हिंदी करायची नाही आणि हिंदीवरून मराठी तर मुळीच नाही.

```
P102              बाटली मुलाच्या हाताला लागू नये
P234              मूळ बाटलीतच ठेवावं
EUH206            ब्लीचबरोबर मिसळू नये, क्लोरीन वायू निघतो
P301+P330+P331    गिळल्यास तोंड धुवावं, उलटी करवू नये
P305+P351+P338    डोळ्यात गेल्यास पाण्याने धूत राहावं
```

इंग्रजी लेबलावर याच्या तिप्पट ओळी होत्या. केमिस्ट आणि मी बसून छाटल्या. घरात माणसाला खरोखर इजा होते ती या पाच वाटांनी. बाकीचं सगळं ठेवलं असतं तर अक्षर मुंगीएवढं झालं असतं आणि या पाचही ओळी कुणी वाचल्या नसत्या.

९ जून

आज कच्चा मसुदा घेऊन विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत गेलो. माझ्या ओळखीतल्या एक अक्का तिथे राहतात, त्यांनी शेजारची घरं मिळवून दिली. घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी आणि हिंदी दोन्ही. वाचणाऱ्यांत कुणी सातवी, कुणी चौथी, कुणी शाळेत न गेलेलं.

मी कुणालाही ‘याचा अर्थ काय’ असं विचारलं नाही. अर्थ विचारला की माणूस तेच शब्द फिरवून परत देतो आणि आपल्याला वाटतं समजलं. त्याऐवजी पाणी भरलेली बाटली हातात दिली, मसुदा चिकटवलेला, आणि म्हटलं: ‘वाचा आणि ही जिथे ठेवायची तिथे ठेवून या.’

पहिल्याच घरातल्या बाईंनी ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ नीट वाचलं. उठल्या, मोरीत गेल्या, बादली सरकवली आणि तिच्या मागे कोपऱ्यात, फरशीवर बाटली ठेवली. ‘लांब ठेवली की. मुलं इकडं पुढच्या खोलीत खेळत्यात.’ त्यांचा दीड वर्षाचा नातू तेवढ्यात रांगत मोरीच्या उंबऱ्यापर्यंत आला होता.

पुढच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच. संडासाच्या दारामागे, बॅरलच्या आडोशाला, जिन्याखाली. सगळ्यांनी बाटली लांब ठेवली आणि जवळजवळ सगळ्यांनी जमिनीवर ठेवली. त्यांचं काही चुकलं नाही, वाक्य जे सांगतं तेच त्यांनी केलं. ‘दूर’ म्हटलं की माणूस पावलांनी मोजतो. रांगणारं मूल मात्र दूर सहज जातं, त्याला वर जाता येत नाही.

हे वाक्य मी मराठीतून परत इंग्रजीत करून तपासलं असतं तर पास झालं असतं. अनुवादाची उलटतपासणी शब्द पकडते, बाटली कुठे जाऊन बसते ते पकडत नाही.

१० जून

P102 नवा लिहिला: ‘मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच जागी, बूच घट्ट लावून ठेवा.’ संध्याकाळी पुन्हा त्याच वस्तीत, पण वेगळ्या घरांत. या वेळी बाटली संडासाच्या वरच्या झरोक्यात गेली, फळीवर गेली, एका घरात खुंटीला पिशवी अडकवून पिशवीत गेली. ‘कुलूप लावून’ असंही लिहून बघितलं होतं. त्यावर लोकांनी मान डोलावली आणि कुणीच काही केलं नाही, कारण संडासात कुलूपबंद कपाट कुणाकडेच नाही. जे करता येत नाही ते लेबलावर लिहिलं की त्याच्या शेजारचं करता येण्यासारखंही वाचणारा सोडून देतो. कुलूप काढलं.

हिंदीत मात्र ‘बच्चों की पहुँच से दूर’ चाललं. औषधाच्या पाकिटापासून सगळीकडे हेच असल्याने हिंदी वाचणाऱ्याच्या कानात ते बसलेलं आहे आणि त्यात हात पोहोचण्याचा अर्थ आहेच. तरी ‘ऊँची जगह पर’ जोडलं.

आज आणखी एक कळलं आणि पुढच्या कामावर त्याचा फार परिणाम झाला. बऱ्याच घरांत लेबल वाचून दाखवणारं माणूस म्हणजे शाळेत जाणारं मूलच. आजी विड्या वळत बसलेली, नात मोठ्याने वाचते आणि आजी ऐकते. म्हणजे मजकूर चौथीतल्या पोराला न अडखळता वाचता आला पाहिजे आणि कानाने ऐकूनही समजला पाहिजे. ‘संक्षारक’ या शब्दावर प्रत्येक पोर अडलं. तो काढून ‘यात ॲसिड आहे’ लिहिलं. ॲसिड म्हणजे काय ते सोलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे.

१३ जून

डॉक्टरांची वेळ मिळाली. त्यांनी आधी घरांतली उत्तरं ऐकली. ‘मुलाने हे प्यायलं तर काय कराल?’ याला सर्वांत जास्त आलेलं उत्तर होतं: मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची. डॉक्टर म्हणाले, हेच थांबवायचंय. ॲसिड खाली जाताना अन्ननलिका एकदा भाजते, उलटीबरोबर वर येताना दुसऱ्यांदा भाजते आणि श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसालाही धोका. सोडा किंवा चुन्याचं पाणी देऊन ॲसिड मारायला जाऊ नका, त्यात उष्णता होते आणि सोड्याने पोटात वायू धरतो. दूध पाजायचं की नाही हे लेबलावर लिहू नका, तो निर्णय दवाखान्यात होऊ दे, त्यात वेळही जातो.

बाटली बरोबर न्यायला सांगा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पेशंट आला की पहिला प्रश्न असतो ‘काय घेतलं?’ आणि उत्तर येतं ‘संडासाचं औषध’. ते ॲसिड आहे की फिनेल आहे की ब्लीच, यावर पुढचं सगळं अवलंबून. ‘दवाखाना’ शब्दाला त्यांनी ‘मोठ्या’ जोडायला लावलं, कारण गल्लीतल्या दवाखान्यातून पुढे पाठवण्यातच पहिला तास जातो.

मी ‘गिळल्यास’ लिहिलं होतं. ‘प्यायल्यास’ असं एकाने सुचवलं, पण त्यात मुद्दाम प्यायल्याचा वास येतो आणि मग घरचे लपवतात. शेवटी ‘पोटात गेल्यास’ ठेवलं.

१४ जून

डोळ्यांची ओळ. इंग्रजीवरून केलेला मसुदा: ‘वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे डोळे धुवा.’ हे घेऊन घरांत गेलो आणि पहिल्याच बाईंनी विचारलं, ‘नळाला पाणी नसल्यावर?’

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. बाकी दिवस पाणी बॅरलमध्ये, हंड्यात. ओळीतला ‘वाहत्या पाण्याखाली’ हा तुकडाच घरात नसलेल्या गोष्टीवर उभा होता. एका तरुणाला करून दाखवायला सांगितलं तर त्याने ओंजळीत पाणी घेऊन डोळे मिटून चेहरा धुतला आणि थांबला. डोळे मिटून धुतले तर ॲसिड आतच राहतं.

नवी ओळ: ‘डोळ्यांत गेल्यास: पापण्या उघड्या धरून १५ मिनिटे स्वच्छ पाणी ओतत राहा. नंतर डॉक्टरांना दाखवा.’ ही वाचल्यावर त्याच्याच बहिणीने न सांगता तांब्या घेतला, त्याला मान तिरकी करायला लावली आणि बाजूने पाणी ओतलं. ‘ओतत राहा’ मुळे दुसरा माणूस कामाला लागतो, ‘धुवा’ मध्ये ज्याला लागलंय तो एकटा उरतो. पंधरा मिनिटं हा आकडा मात्र कुणालाच खरा वाटत नाही. दोन तांबे झाले की हात थांबतो. त्यावर लेबलात उपाय सापडला नाही, आकडा ठळक केला एवढंच.

१७ जून

ब्लीचची ओळ. मूळ मसुदा: ‘क्लोरीनयुक्त पदार्थांबरोबर वापरू नये.’ हे कुणालाच लागू होत नाही, कारण आपल्याकडे क्लोरीनयुक्त पदार्थ आहे असं कुणालाच वाटत नाही. घरात असते ती ब्लीचिंग पावडर, आणि पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच. ‘संडास जास्त स्वच्छ निघावा म्हणून दोन्ही टाकते,’ असं सांगणारी दोन घरं निघाली. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात, झरोका छोटा असताना, डोळे झोंबून खोकला सुरू होतो आणि श्वास कोंडतो. त्या दोघींपैकी एकीला हे झालेलं होतं आणि त्यांना वाटलं होतं की माल कडक आहे.

ओळ अशी केली: ‘ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचे ब्लीच यात मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.’ कारण सांगितलं की लोक पाळतात. नुसतं ‘मिसळू नका’ वाचून एक आजोबा म्हणाले, ‘कंपनीवाले आपला माल जास्त खपावा म्हणून लिहितात.’ वायूचं वाक्य जोडल्यावर ते गप्प झाले.

२० जून

मांडणी. मागचं लेबल साधारण साठ मिलिमीटर रुंद आणि शंभर मिलिमीटर उंच.

पहिला प्रयोग: एक ओळ मराठी, तिच्याखाली तीच हिंदी. वाईट निघालं. दोन्हींची लिपी एकच, त्यामुळे वाचणारा थांबत नाही, मराठीतून थेट हिंदीत घसरतो आणि दोन ओळींनंतर ‘तेच तेच लिहिलंय’ म्हणून सोडून देतो. मराठी-इंग्रजी लेबलावर लिपी बदलली की डोळा आपोआप उडी मारतो, इथे ते होत नाही. म्हणून दोन वेगळे चौकोन केले, वर ‘मराठी’ आणि ‘हिंदी’ अशी ठळक मथळ्याची पट्टी आणि मधे रेघ.

इलस्ट्रेटरमध्ये मजकूर टाकल्यावर ‘मिनिटे’ मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली आणि ‘डोळ्यांत’ मधला ‘ळ्य’ सुटून पाय मोडलेला दिसायला लागला. इंडिक लिपीची सोय बंद असते, ती चालू करावी लागते आणि मग परिच्छेदाचा कंपोझर बदलावा लागतो:

```
Preferences > Type > Show Indic Options
Paragraph panel > Middle Eastern & South Asian Single-line Composer
```

एवढं करूनही दोन अक्षरांकडे मुद्दाम बघा. ‘ॲसिड’ मधला ‘ॲ’ काही फाँटमध्ये नसतोच, तिथे रिकामा चौकोन येतो. आणि ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य. नेहमीच्या र ने टाइप केलं तर य वर रफार येतो आणि ‘दुसर्या’ असं भलतंच छापलं जातं. युनिकोडमध्ये तो असा हवा:

```
दुसऱ्या = U+0926 U+0941 U+0938 U+0931 U+094D U+092F U+093E
ॲ = U+0972
```

२४ जून

आजची नोंद सगळ्यांनी वाचावी अशी माझी इच्छा आहे.

प्रिंटरकडून पहिलं प्रूफ आलं, ते कापून बाटलीवर चिकटवलं. पोटात गेल्यासची ओळ अशी मोडली होती: पहिल्या ओळीच्या शेवटी ‘उलटी करवू’, आणि ‘नका’ दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. ती सुरुवात नेमकी लेबलाच्या डाव्या कडेला, आणि तिथे पुढच्या लेबलाची कड दोन-तीन मिलिमीटर वर चढते. ‘नका’ तला ‘न’ झाकला गेला. समोर दिसत होतं ते एवढंच: ‘उलटी करवू’, आणि खाली एक सुटा ‘का’. हे एका मुलाला वाचायला दिलं तेव्हा त्याने सरळ वाचलं: ‘उलटी करवू का?’

मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ओळ मोडली, कड सोलली, ओल्या हाताने कोपरा घासला, तर सगळ्यात आधी जातो तो ‘नका’, आणि उरलेलं वाक्य नेमकं उलट सांगतं. हिंदीत ‘उल्टी न कराएँ’ मध्ये ‘न’ क्रियापदाच्या आधी, ओळीच्या पोटात असतो, त्यामुळे तिथे हा धोका कमी. मराठी आणि हिंदी एकाच साच्यात मांडणाऱ्याच्या लक्षात हे येत नाही.

तीन उपाय केले. क्रियापद आणि ‘नका’ यांच्यामध्ये साध्या मोकळ्या जागेऐवजी न तुटणारी जागा टाकली, म्हणजे दोन्ही शब्द एकत्रच खालच्या ओळीत जातात:

```
उलटी करवू[U+00A0]नका
मिसळू[U+00A0]नका
ओतू[U+00A0]नका
```

दुसरं, ‘नका’ प्रत्येक ठिकाणी ठळक. तिसरं, लेबलाच्या दोन्ही कडांपासून पाच मिलिमीटरच्या आत इशाऱ्याचं एकही अक्षर नाही. जागा कमी झाली, पण रुंदीसाठी कुठलीही ओळ छाटावी लागली नाही, मधली मोकळी जागा कमी केली.

२७ जून

दुसरं प्रूफ. इशारे निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत होते, बाकी लेबलाशी जुळावं म्हणून. फ्लेक्सो छपाईत शाई थोडी पसरते. पांढऱ्या अक्षरात ती बाहेरून आत शिरते आणि पहिल्यांदा बुजतात ते अनुस्वार, रफार आणि हिंदीतले नुक्ते. ‘डोळ्यांत’ चा अनुस्वार गेला तर फार बिघडत नाही, पण ‘ओतू’ चा दीर्घ उकार बुजून नुसतं ‘ओत’ उरलं, ते चालणार नाही. पट्टी काढली. पांढऱ्यावर काळं, सात पॉइंट, म्हणजे मात्रा सोडून अक्षराची उंची साधारण दीड मिलिमीटर. पाच पॉइंटचंही प्रूफ काढून बघितलं होतं: ते टेबलावर दिव्याखाली वाचता येतं, संडासातल्या मंद बल्बखाली हातभर अंतरावर नाही. तपासणी तिथेच करा.

ओळींमधलं अंतर इंग्रजीएवढं ठेवून चालत नाही. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना चिकटतात. सात पॉइंटला साडेनऊ ठेवलं.

हिंदी चौकोनात पूर्णविराम दंडाने होतो. शेवटी रुग्णवाहिकेचा क्रमांक होता आणि प्रूफवर तो असा आला: `108।` वाचणाऱ्याने ‘एक शून्य आठ एक’ म्हटलं. क्रमांकानंतरचा दंड काढला आणि क्रमांक स्वतंत्र ओळीवर नेला. आकडे इथे इंग्रजीच ठेवले, फोनवर तेच दिसतात.

१ जुलै

लेबलाचा कागद. सध्याचं लेबल साध्या क्रोमो कागदाचं. बाटलीचं तोंड तिरकं आहे, ओतल्यावर शेवटचा थेंब मानेवरून खाली ओघळतो आणि तो ओघळ मागच्या लेबलाच्या मधोमध येतो. आठवडाभर बाटली वापरायला दिली होती. ओघळाखालची शाई फिकी झाली आणि कागद भुसभुशीत झाला, नेमका पोटात गेल्यासच्या ओळीवर. दोन बदल सुचवले: कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीनचं लॅमिनेशन केलेलं लेबल, आणि लेबल बाटलीच्या तोंडाच्या दिशेपासून चौथाई फेरा फिरवून लावणं. दुसऱ्याला पैसे पडत नाहीत, लेबल लावणाऱ्या बायकांना बाटली कशी धरायची ते दाखवावं लागतं. पहिल्याला बाटलीमागे चाळीस-पन्नास पैसे वाढतात. अण्णा हिशेब करत बसले. मी ओघळ लागलेलं लेबल त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

३ जुलै

अण्णांनी पॉलिप्रॉपिलीनला होकार दिला. त्याच बैठकीत पुढच्या लेबलाबद्दल बोललो. ते माझ्या कामात नव्हतं, पण बोलल्याशिवाय राहवेना. लिंबाच्या वासाच्या बाटलीवर कापलेल्या लिंबांचं मोठं, रसरशीत चित्र आहे. तपासणीच्या वेळी विडी घरकुलातल्या एका लहानग्या पोरीने बाटली बघून आईला विचारलं होतं, ‘सरबत आणलंस?’ मागे कितीही मराठी लिहिलं तरी तिला वाचता येत नाही, तिला पुढचं चित्रच वाचता येतं. लिंबू काढा म्हटलं. मार्केटिंग बघणाऱ्या भाच्याने विरोध केला, वास कसा कळणार म्हणाला. ‘लिंबाचा वास’ असं अक्षरांत लिहायचं आणि चित्र संडासाच्या भांड्याचं घ्यायचं, यावर दोघं तयार झाले. जुन्या पुढच्या लेबलांचा साठा संपल्यावरच, असं ठरलं. मला ते लगेच हवं होतं.

८ जुलै

P234 ची ओळ अजून लागत नव्हती. ‘मूळ बाटलीतच ठेवा’ म्हटलं तर दुकानदार विचारतात, ‘मग पाच लिटरचा कॅन कशाला विकता?’ रास्त आहे. कॅन घेणारा घरात छोट्या बाटलीत ओततो आणि ती छोटी बाटली बहुतेक वेळा थंड पेयाची किंवा पाण्याची असते. सायकलवर कॅन बांधून गल्लोगल्ली सुटं फिनेल आणि ॲसिड विकणारेही गिऱ्हाइकाच्या त्याच बाटलीत भरून देतात. पाण्याच्या बाटलीतलं ॲसिड तहानलेला मोठा माणूसही तोंडाला लावतो. निळ्या रंगाचा माल निदान दिसतो, बिनरंगी तर पाण्यासारखाच.

पाचशे मिली आणि लिटरसाठी: ‘याच बाटलीत ठेवा. पाण्याच्या, सरबताच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही बाटलीत ओतू नका.’ बाटल्यांची नावं घेतल्याने फरक पडला. नुसतं ‘दुसऱ्या बाटलीत’ वाचून लोकांना वाटायचं की बाटली रिकामी आणि धुतलेली असली म्हणजे झालं.

११ जुलै

दोन्ही बाटल्यांचा अंतिम मजकूर. ज्याला हवा त्याने घ्यावा, पण आपला माल ॲसिडचाच आहे याची खात्री करून आणि आपल्या डॉक्टरांना दाखवून.

```
सावधान: यात ॲसिड आहे.
मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच जागी,
बूच घट्ट लावून ठेवा.
ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचे ब्लीच यात
मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.
याच बाटलीत ठेवा. पाण्याच्या, सरबताच्या किंवा
दुसऱ्या कोणत्याही बाटलीत ओतू नका.
डोळ्यांत गेल्यास: पापण्या उघड्या धरून १५ मिनिटे
स्वच्छ पाणी ओतत राहा. नंतर डॉक्टरांना दाखवा.
पोटात गेल्यास: उलटी करवू नका. तोंड धुवा.
ही बाटली घेऊन लगेच मोठ्या दवाखान्यात जा.
```

```
सावधान: इसमें एसिड है।
बच्चों की पहुँच से दूर, ऊँची जगह पर,
ढक्कन कसकर बंद करके रखें।
इसमें ब्लीचिंग पाउडर या कपड़ों का ब्लीच
न मिलाएँ। ज़हरीली गैस बनती है।
इसी बोतल में रखें। पानी की, शरबत की या किसी
दूसरी बोतल में न डालें।
आँख में जाए तो: पलकें खोलकर १५ मिनट तक
साफ़ पानी डालते रहें। फिर डॉक्टर को दिखाएँ।
पेट में जाए तो: उल्टी न कराएँ। मुँह धोएँ।
यह बोतल लेकर तुरंत बड़े अस्पताल जाएँ।
```

दोन्हींखाली रुग्णवाहिकेचा क्रमांक वेगळ्या ओळीवर.

हिंदी एका हिंदी शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतली. त्यांनी माझ्या टायपिंगमधले चंद्रबिंदू आणि नुक्ते भरून दिले. मराठी माणसाच्या हाताने हे दोन्ही हटकून सुटतात.

छापायला पाठवताना मजकूर कर्व्ह्जमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, बदलून पाठवला, म्हणजे प्रिंटरकडे फाँट नसला तरी अक्षर मोडत नाही. पण त्याआधीची, टाइप करता येणारी फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. कर्व्ह्ज झाल्यावर ‘नका’ शोधून बघता येत नाही, डोळ्यांनीच एकेक मोजावे लागतात. आमच्या मराठी चौकोनात तीन ‘नका’ आहेत. प्रिंटरच्या शेवटच्या पीडीएफवर तीन सापडले तरच सही केली.

१९ जुलै

बाटल्यांची लेबलं छापून आली, लावायला सुरुवात झाली. पाच लिटरचा कॅन बाकी आहे. त्यावर ‘दुसऱ्या बाटलीत ओतू नका’ लिहिण्यात अर्थ नाही, लोक ओतणारच. अण्णांपुढे असं ठेवलंय की प्रत्येक कॅनच्या गळ्यात मराठी-हिंदी इशाऱ्यांची दोन सुटी चिकटणारी लेबलं बांधायची आणि कॅनवर लिहायचं: ‘छोट्या बाटलीत ओतल्यास त्या बाटलीवर हे लेबल लावा. खाण्यापिण्याच्या बाटलीत ओतू नका.’ ओल्या, वापरलेल्या प्लास्टिकवर कुठला गोंद धरतो ते बघायला तीन प्रकारचे नमुने मागवलेत, सोमवारी येतील.